गोलकीपरला शिळा चेंडू दाखवा

माझी भाची आठवीत आहे, कोल्हापुरात राहते आणि शाळेच्या संघात गोलकीपर आहे. कोल्हापुरात हे काही जगावेगळं नाही. तिथं पेठेपेठेला तालमीचा फुटबॉल संघ असतो आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातली जेवणं लांबतात. दिवाळीत मी गेलो होतो तेव्हा ती मोबाईलवर पेनल्टीचा एक फुकटातला गेम खेळत होती. बोटानं चेंडू सरकवायचा, समोर गोलकीपर, पाच किक. अशा गेमची प्ले स्टोअरवर रांग लागलेली असते. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मामा, हा चिटिंग करतोय बघ. मी मारायच्या आधीच ह्याला कळतंय."

मी म्हणालो, "चांगला गोलकीपर ओळखतो की."

"ओळखतो म्हणजे कधीतरी चुकतो पण," ती म्हणाली. "हा चुकतच नाही. ह्याचा हात चुकतो, बाजू कधीच चुकत नाही."

मी छोटे गेम लिहितो आणि गेमबद्दलही लिहितो, तरी हे वाक्य मला सुचलं नव्हतं. हात चुकतो, बाजू चुकत नाही. त्या रात्री मी तिच्या फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू केलं, दहा किक मारल्या आणि व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. दहाही वेळा, चेंडू पायाला लागण्याच्या तीनचार फ्रेम आधी, गोलकीपरचं अंग योग्य बाजूला झुकलेलं होतं. डावी किंवा उजवी एवढंच ओळखायचं असतं तरी नुसत्या अंदाजानं दहापैकी दहा बरोबर येण्याची शक्यता १०२४त एक. पोरीचं निदान बरोबर होतं.

हा लेख त्या एका गेमबद्दल नाही, म्हणून त्याचं नाव घेत नाही. मला विचारायचंय ते असं: फोनवरच्या साध्या फुटबॉलमधला गोलकीपर प्रामाणिक आहे की नाही हे कशावर ठरतं? माझं उत्तर असं आहे की, त्याला चेंडूबद्दल काय माहीत आहे आणि ते कधी माहीत होतं, यावर. बाकी हातमोजे, उड्या, प्रेक्षकांचा आवाज हे सगळं त्यावरचं रंगकाम.

आधी चेंडू

गोलकीपरकडे जाण्याआधी चेंडूकडे बघावं लागतं, कारण गोलकीपरची लबाडी बहुधा चेंडूपासून सुरू होते.

साध्या गेममध्ये चेंडू दोन प्रकारांनी हलवता येतो. पहिल्या प्रकारात तुम्ही बोट सरकवलं की गेम आधी ठरवतो की चेंडू गोलमध्ये कुठे पोचणार. मग चेंडूपासून त्या बिंदूपर्यंत एक सुबक वक्ररेषा आखतो आणि चेंडूला त्या रेषेवरून ठरलेल्या वेळात नेतो. हा रुळावरचा चेंडू. दिसायला छान दिसतो, लिहायला सोपा असतो. पण तो नेहमी सारख्याच वेळात पोचतो, मग तुम्ही बोट झटकलंत काय किंवा हळूच ओढलंत काय. जोरात मारण्याला काही अर्थच उरत नाही. आणि मुक्कामाचं स्टेशन गाडी सुटण्याआधीच कोडमध्ये लिहिलेलं असतं.

दुसऱ्या प्रकारात गेम फक्त सुरुवात ठरवतो. बोट किती वेगानं आणि कोणत्या दिशेला सरकलं, त्यावरून चेंडूचा सुरुवातीचा वेग. बोटाची रेघ किती वाकली, त्यावरून चेंडूची फिरकी. त्यानंतर चेंडू स्वतःच्या हिशेबानं जातो. त्या हिशेबात तीन गोष्टी पुरतात. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं. हवा त्याला मागे ओढते, आणि वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. आणि चेंडू फिरत असेल तर हवा त्याला एका बाजूला ढकलते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. चेंडू उजवीकडून डावीकडे वळतो तो यामुळे.

आकडे लावून पाहू. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम, त्रिज्या साधारण ११ सेंटिमीटर. कुणी सेकंदाला २५ मीटरच्या वेगानं, म्हणजे ताशी ९० किलोमीटरनं चेंडू मारला तर हवेची ओढ सोडून दिल्यास तो सरळ ०.४४ सेकंदात पोचेल. हवा धरली तर गोलरेषेपाशी त्याचा वेग सेकंदाला एकवीस-बावीस मीटरवर आलेला असतो. आणि कोपऱ्याकडे जायचं तर अंतरही थोडं वाढतं. दोन्ही मिळून जवळजवळ अर्धा सेकंद. हा अर्धा सेकंद लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

खरा हिशेब करणाऱ्या चेंडूतही एक खोट असते आणि स्वस्त फोनवर ती हमखास दिसते. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं. बरेच नवशिके, सुरुवातीला मीही, चेंडूला प्रत्येक चित्रागणिक एकदाच पुढे सरकवतात. २५ मीटरच्या वेगानं जाणारा चेंडू दोन चित्रांमध्ये जवळजवळ ४२ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. गोलचा खांब जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर जाड, चेंडू २२ सेंटिमीटर रुंद. दोघांची बेरीज ३४. म्हणजे एका चित्रात चेंडू खांबाच्या अलीकडे, पुढच्या चित्रात पलीकडे, आणि टक्कर झालीच नाही असं होऊ शकतं. फोन तापला आणि चित्रं तीसवर आली की ही उडी ८३ सेंटिमीटरची होते. मग चेंडू खांबातूनच काय, गोलकीपरच्या हातातूनही आरपार जातो. खेळणाऱ्याला वाटतं नशीब. मित्राच्या महागड्या फोनवर तीच किक खांबाला लागून परत येते.

उपाय साधा आहे. पडदा कितीही वेळा बदलो, चेंडूचा हिशेब ठरलेल्या बारीक पावलांनीच करायचा. सेकंदाचे २४० भाग केले तर एका पावलात चेंडू जेमतेम १० सेंटिमीटर सरकतो आणि खांब चुकत नाही. शिवाय सगळ्या फोनवर पावलं सारखीच असल्यामुळे तीच किक सगळीकडे तिथेच जाते. गोलकीपरबद्दल तक्रार करायची तर आधी एवढं तरी हवं, नाहीतर दोष कुणाचा हेच कळत नाही.

तीन गोलकीपर

आता गोलमध्ये उभं कोण आहे ते पाहू. मी आजवर असे जे गेम उघडून किंवा फ्रेम मोजून पाहिले, त्यांत मला तीन जातींचे गोलकीपर सापडले.

पहिला भविष्य वाचतो. चेंडू रुळावरचा असेल तर त्याचं काम फारच सोपं, कारण मुक्कामाचा बिंदू कोडमध्ये तयारच असतो. तो वाचायचा आणि तिकडे उडी मारायची. चेंडू खरा असला तरी गेमला तो हिशेब क्षणात पुढे पळवून बघता येतो. हा गोलकीपर प्रत्येक किक अडवू शकतो, आणि तसं झालं तर कुणी गेम खेळणार नाही.

म्हणून मग दुसरा येतो, फासे टाकणारा. तुम्ही बोट उचलताक्षणी गेम मनातल्या मनात फासा टाकतो: या पातळीवर दहातल्या सात किक गोल, तीन अडवलेल्या. निकाल आधी ठरतो, मग त्या निकालाला शोभेल असं चित्र दाखवलं जातं. गोल द्यायचा असेल तर हात चेंडूपासून वीतभर दूर थांबतो. अडवायचा असेल तर तोच हात त्याच जागी पोचतो.

भाचीच्या फोनमधला गोलकीपर या दोघांचा संकर होता. बाजू भविष्य वाचून निवडायचा, म्हणून ती कधी चुकत नव्हती; हात फाशावर चालायचा, म्हणून तो कधीकधी चुकत होता. पोरीनं दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगितल्या होत्या.

यात बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. गेमच आहे, गोलची सरासरी तर योग्य येते. बिघडतं ते असं की, खेळणाऱ्याला काही शिकताच येत नाही. कोपऱ्यात जोरात मारली आणि अडली, मधोमध हळू मारली आणि गेली, तर पुढच्या वेळी काय करायचं? बोटाचं कौशल्य आणि निकाल यांचा धागाच तुटलेला असतो. त्या गेममध्ये सहाव्या पातळीनंतर गोलकीपर अचानक वरचढ होई आणि तेव्हाच एक खिडकी उघडे: जाहिरात बघा, नवे बूट मिळवा. बूट मिळाले की फाशाचे आकडे बदलत. भाची रोज अशा दहा-बारा जाहिराती बघत होती आणि आपण पेनल्टी सुधारतोय असं तिला वाटत होतं.

तिसरा गोलकीपर भूतकाळात जगतो. मला तो प्रामाणिक वाटतो, म्हणून त्याच्याकडे जरा सविस्तर बघू.

०.२ सेकंद मागे

माणसाच्या डोळ्याला काही दिसलं आणि त्याचं अंग हललं, यांत साधारण ०.२ सेकंद जातात. गोलकीपर कितीही तरबेज असला तरी या क्षणी त्याचं शरीर ज्या चेंडूला उत्तर देतंय तो ०.२ सेकंदांपूर्वीचा आहे. त्याला ताजा चेंडू कधीच मिळत नाही.

गेममध्ये हे करणं आश्चर्य वाटावं इतकं सोपं आहे. चेंडूच्या प्रत्येक पावलाची जागा आणि वेग एका यादीत लिहीत जायचं, आणि गोलकीपरला त्या यादीतली ०.२ सेकंद जुनी नोंद दाखवायची. त्या शिळ्या नोंदीवरून तो सरळ रेषेत अंदाज बांधतो: चेंडू असाच गेला तर गोलरेषेवर कुठे येईल? आणि ती जागा खांबांच्या आत असेल तर आपल्या वेगाच्या मर्यादेत तिकडे सरकतो.

```
seen = history[now - 0.2]
timeLeft = seen.dist / seen.speed
guessX = seen.x + seen.vx * timeLeft
if abs(guessX) < 3.66: keeper.moveToward(guessX, 4.0 * dt)
```

शेवटच्या ओळीतला `4.0` म्हणजे सेकंदाला चार मीटर, हा मी धरलेला उडीचा वेग. त्याखेरीज मधोमध उभं राहून दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक मीटरपर्यंत त्याचे हात पोचतात असं धरू. एवढ्या तीन आकड्यांत, म्हणजे ०.२ सेकंद, ४ मीटर आणि १ मीटर, पूर्ण गोलकीपर मावतो. त्याला फासा लागत नाही.

आता पेनल्टी मारून बघू. चेंडू २५ मीटरच्या वेगानं, मधल्या रेषेपासून ३.३ मीटरवर, म्हणजे खांबाच्या अगदी आत. त्याला अर्धा सेकंद लागतो. पहिले ०.२ गोलकीपर काहीच करू शकत नाही. उरलेल्या ०.३ सेकंदांत तो १.२ मीटर जातो, हातांचा एक मीटर धरून २.२ मीटर. चेंडू त्याच्यापासून मीटरभर लांबून आत जातो. गोल.

तीच किक हळू, १८ मीटरच्या वेगानं मारली तर चेंडूला सुमारे ०.७ सेकंद लागतात आणि गोलकीपर ३ मीटरपर्यंत पोचतो. कोपरा अचूक साधला तरच गोल, जरा आत मारली तर अडली. १५ मीटरच्या वेगाला ०.८ सेकंदांहून जास्त लागतात, तेवढ्यात तो साडेतीन मीटर गाठतो. मग कोपराही वाचत नाही.

इथं काय झालं बघा. कोणती किक सोपी आणि कोणती अवघड हे मी कुठेच लिहिलेलं नाही. ते चेंडूच्या वेगातून आणि गोलकीपरच्या मर्यादेतून आपोआप आलं. खेळणारी मुलगी पाचदहा किकमध्ये शिकते की, जोर लावला तर थोडं आत मारलं तरी चालतं, हळू मारायची तर कोपराच साधावा लागतो. आणि जोर लावल्यावर बोटाची चूक मोठी होते, चेंडू बाहेर जातो, म्हणजे त्या जोरालाही किंमत आहे. शिकण्यासारखं काहीतरी गेममध्ये आलं.

पण खरे गोलकीपर थांबत नाहीत

हा हिशेब वाचणाऱ्याला एक शंका यायला हवी. वाट पाहणारा गोलकीपर जोराच्या कोपऱ्यातल्या किकला कधीच पोचत नसेल, तर खरे गोलकीपर अशा किक अडवतात कशा?

जुगार खेळून. ते चेंडूची वाट बघत नाहीत. किक बसण्याच्या किंचित आधी बाजू निवडतात. आपल्या गोलकीपरनं ०.१ सेकंद आधी उडी सुरू केली तर त्याला ०.६ सेकंद मिळतात, म्हणजे २.४ मीटर आणि हातांचा एक, एकूण ३.४. कोपरा आता आवाक्यात आला. त्या बदल्यात बाजू चुकली तर परत फिरायला जागा नाही, कारण पाय जमिनीवरून सुटलेले असतात.

२००७ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासून एक गमतीची गोष्ट मांडली होती. जवळजवळ २९ टक्के किक मधोमध मारलेल्या होत्या, पण गोलकीपर मध्येच उभा राहिला तो फक्त ६.३ टक्के वेळा. त्यांचं म्हणणं असं की, काहीतरी करताना गोल खाल्ला तर कमी लाज वाटते. नुसतं उभं राहून खाल्ला तर लोक बघत बसतात. याच सवयीवर १९७६च्या युरोपियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्कानं डाव मारला. बेलग्रेडमध्ये, पश्चिम जर्मनीविरुद्ध, जिंकून देणारी शेवटची पेनल्टी त्यानं हळूच मधोमध उचलून दिली. सेप मायर तोवर एका बाजूला झेपावला होता.

माझ्या नुसत्या वाट पाहणाऱ्या गोलकीपरसमोर पानेन्का प्रत्येक वेळी अडकला असता, कारण हळू चेंडू मधोमध आला की तो आरामात धरतो. म्हणजे प्रामाणिक असूनही तो अपुरा होता. त्याला चुकायची संधीही द्यायला हवी.

म्हणून मी त्याला स्मरणशक्ती दिली. तुमच्या शेवटच्या पाच किक तो लक्षात ठेवतो. समजा त्यांतल्या तीन उजवीकडे, एक डावीकडे, एक मधे. प्रत्येक बाजूला एकेक मिळवायचा, म्हणजे कुठलीच बाजू शून्य राहत नाही: चार, दोन, दोन. मग आठात चार वेळा तो उजवी निवडतो, दोनदा डावी, आणि उरलेल्या दोनदा मधे थांबून चेंडूची वाट बघतो.

तुम्ही म्हणाल, हाही फासाच झाला. हो, पण तो कधी टाकला जातो ते महत्त्वाचं आहे. लबाड गेम किक झाल्यावर फासा टाकतो आणि विचारतो, गोल द्यायचा की नाही. हा गेम तुमचं बोट पडद्याला टेकण्याआधी टाकतो आणि विचारतो, गोलकीपर कुठे जाणार. त्यानंतर निर्णय कुलूपबंद. तुम्ही काय करणार हे त्याला ठाऊक नसताना तो ठरवतो. पुढचं चेंडू आणि उडी बघून घेतात. आणि तुमची सवय त्याला कळत जाते, म्हणून तुम्हाला सवय मोडावी लागते. मग दोन माणसं समोरासमोर असल्यासारखं वाटायला लागतं.

बाहेर चाललेला चेंडू

फिरकीबद्दल मी अजून बोललो नाही, कारण पेनल्टीत तिचा फारसा उपयोग नाही. अर्ध्या सेकंदात चांगली फिरकीही चेंडूला पाऊण मीटरच्या आसपास वळवते. शिळ्या चेंडूची खरी मजा फ्री किकमध्ये येते.

२५ मीटरवरून फ्री किक घ्या. चेंडूला साधारण १.२ सेकंद लागतात. फिरकी इतकी की एवढ्या वेळात तो ३ मीटर वळतो. तुम्ही तो असा मारलात की सुटताना त्याची दिशा उजव्या खांबाच्या बाहेर, मध्यरेषेपासून ६.३ मीटरवर जाणारी आहे. वळून तो ३.३ मीटरवर, खांबाच्या आत येणार. गोलकीपरला दिसतोय ०.२ सेकंद जुना चेंडू, आणि तो सरळ रेषेत अंदाज बांधतोय. त्याच्या हिशेबानं चेंडू बाहेर चाललाय. खांब ३.६६ मीटरवर आहे. गणित केलं तर चेंडूची दिशा खांबाच्या आत वळते ती किकनंतर सुमारे ०.८ सेकंदांनी, आणि गोलकीपरला ते कळतं १ सेकंदानं. उरले ०.२ सेकंद. त्यात तो ०.८ मीटर जातो, हातांसकट १.८. चेंडू ३.३ वर. त्यानं उडी मारली नाही तरी चालेल.

याच किकला भविष्य वाचणारा गोलकीपर पहिल्याच क्षणी खांबाकडे चालायला लागतो आणि चेंडूची वाट बघत उभा राहतो. फिरकी किती सुंदर होती याला काही किंमत नाही; शेवटचा बिंदूच त्याला माहीत असतो. फिरकी ही गोलकीपरला फसवण्यासाठी असते आणि ज्याला शेवट ठाऊक आहे त्याला फसवताच येत नाही.

जून १९९७मध्ये ल्योंला झालेल्या सामन्यात रोबेर्तो कार्लोसनं फ्रान्सविरुद्ध मारलेली फ्री किक तुम्ही रील्समध्ये पाहिली असेलच. जवळजवळ ३५ मीटरवरून, भिंतीच्या बाहेरून निघालेला चेंडू इतका बाहेर चालला होता की गोलच्या बाजूला बसलेल्या बॉलबॉयनं डोकं खाली घातलं. मग तो वळला, खांबाला आतून चाटून जाळ्यात गेला. गोलकीपर बार्थेझ जवळजवळ हललाच नाही. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. जो चेंडू त्याला दिसत होता तो बाहेरच चालला होता. मोबाईल गेममधला गोलकीपर चांगला आहे की नाही हे मी आता यावरून ठरवतो: तो कधीतरी बार्थेझसारखा उभा राहतो का?

या गोलकीपरलाही मर्यादा आहेत. खरा गोलकीपर चेंडूवरची शिलाई फिरताना बघतो, मारणाऱ्याचा पाय बघतो आणि वळण थोडंफार धरून चालतो. माझा सरळ रेषेवर भाबडा विश्वास ठेवतो, म्हणून एकदा ही किक जमली की ती सारखी जमते. वरच्या पातळीवर मी त्याला वळणाचा अर्धा भाग आधीच धरायला लावतो. पातळी अवघड करायची ती अशीच. सोप्या पातळीवर ०.२चे ०.३५ सेकंद करायचे, ४ मीटरचे ३, अवघडला उलट. निकालाला हात लावायचा नाही. मग गोलकीपर मंद किंवा चपळ होतो, पण लबाड होत नाही, आणि हरलेल्याला कशामुळे हरलो ते दिसतं.

तुमच्या फोनमधला गोलकीपर कोणत्या जातीचा आहे हे तपासायला कोड उघडावा लागत नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग करा आणि तीन गोष्टी बघा. चेंडू सुटण्याआधी तो हलत असेल तर हरकत नाही, पण मग दहात काही वेळा तरी त्याची बाजू चुकायला हवी. बाहेरून आत वळणाऱ्या किकला तो पहिल्याच क्षणी शेवटच्या जागी निघत असेल, तर तो भविष्य वाचतोय. आणि चेंडू सारख्याच जागी, सारख्याच वेगानं, त्याच बाजूला वेळेत झेपावलेल्या गोलकीपरजवळून एकदा गेला आणि एकदा अडला, तर आत कुणीतरी फासा टाकतंय.

संक्रांतीला पुन्हा गेलो तेव्हा माझा गेम भाचीच्या फोनवर टाकून दिला. त्यात बूट नाहीत, जाहिराती नाहीत, प्रेक्षकांचा आवाजही नाही. राखाडी मैदानावर एक चौकोनी माणूस उभा असतो. तिनं पहिल्या चार किक उजवीकडे मारल्या. दोन गेल्या, दोन अडल्या. पाचवी तिनं हळूच मधोमध दिली. चौकोनी माणूस उजवीकडे झेपावला होता. चेंडू रिकाम्या गोलमध्ये टप्पे खात गेला.

ती हसली नाही. फोनकडे बघत म्हणाली, "मामा, शनिवारी मलापण एकीनं असाच मारला. मी आधीच उडी टाकली होती."

"मग आता?"

"आता थोडी उशिरा टाकणार," ती म्हणाली, आणि परत किक लावली.